आडनाव आधी की नाव आधी? जपानी, चिनी आणि कोरियन सहकाऱ्यांना लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणच्या एका कारखान्यात परदेशी पुरवठादारांशी होणारा पत्रव्यवहार मी बरीच वर्षं सांभाळते आहे. नवीन येणारी मुलं इंग्रजी उत्तम लिहितात, पण पहिल्याच ओळीत `Dear` टाइप केलं की पुढे काय लिहायचं यावर त्यांचा हात थांबतो. ती मला जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांतली नावं अगदी सर्रास आढळणारी, केवळ नमुन्यादाखल घेतलेली आहेत.

त्यांच्याकडे आडनाव आधी असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे ना?

नाही. सगळा घोटाळा तिथेच होतो. जपान, चीन आणि कोरियात आडनाव आधी हे खरं आहे. पण त्यांच्यातले कित्येक जण परदेशी माणसाला लिहिताना आपल्या सोयीसाठी क्रम उलटा करतात. त्यांनी एकदा उलटवलेलं नाव आपण ‘यांच्याकडे आडनाव आधी असतं’ म्हणून पुन्हा उलटवतो आणि आडनावाच्या जागी नाव येऊन बसतं.

आपली मराठी वर्तमानपत्रंच बघा. ‘शी जिनपिंग’मध्ये शी हे आडनाव. ‘किम जोंग उन’मध्ये किम हे आडनाव. त्याच पानावर ‘शिंझो आबे’ यायचं, त्यात मात्र आडनाव आबे. चिनी आणि कोरियन नावं इंग्रजीत मूळ क्रमाने लिहायची आणि जपानी नावं उलटी, अशी रीत पडली होती. जपानी लोकांनी ती मेजी काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, स्वतःच अंगीकारली होती. २०१९ साली जपानचे परराष्ट्रमंत्री तारो कोनो यांनी परदेशी माध्यमांना विनंती केली, की आमचीही नावं आडनाव आधी ठेवून लिहा. १ जानेवारी २०२० पासून जपान सरकारच्या कागदपत्रांत रोमन लिपीतली नावं आडनाव आधी लिहिली जाऊ लागली.

हा नियम सरकारी कागदांपुरता आहे. खाजगी कंपन्यांवर तो बंधनकारक नाही. त्यामुळे आज जपानी मंत्रालयाच्या पत्रावर `TANAKA Hiroshi` दिसेल आणि जपानी कंपनीच्या मेलखाली `Hiroshi Tanaka`. दोन्ही बरोबर आहेत. म्हणून देश पाहून क्रम ठरवू नका. समोरच्या नावात आडनाव कोणतं हे शोधा.

ते शोधायचं कसं?

आधी मेलच्या तळाशी असलेली सही पाहा. एक शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत आणि दुसरा साधा असेल, तर मोठ्या अक्षरांतलं ते आडनाव. ही खूण माणसाने जाणूनबुजून ठेवलेली असते, त्यामुळे तिच्यावर विसंबायला हरकत नाही. मात्र अख्खं नावच मोठ्या अक्षरांत असेल तर ती सजावट झाली, त्यातून काही कळत नाही.

मग स्वल्पविराम. `Chen, Lin` असं दिसलं तर स्वल्पविरामाच्या आधीचं आडनाव. इथे एक सावधगिरी बाळगा. मेलच्या प्रोग्राममध्ये दिसणारा हा स्वल्पविराम बरेचदा माणसाने दिलेला नसतो, कंपनीच्या नोंदीतल्या दोन रकान्यांवरून तो आपोआप येतो. कुणी आधीच रकाने चुकवले असतील तर तोही चुकतो. सही आणि हा स्वल्पविराम जुळत नसतील तर सही खरी धरा.

चिनी आणि कोरियन नावांत लांबीही मदतीला येते. तिथली आडनावं बहुतेक एका उच्चाराची असतात आणि स्वतःचं नाव बहुधा दोन उच्चारांचं. `Wang Xiaomei` असो की `Xiaomei Wang`, आडनाव वांगच. `Kim Min-su`मध्ये मधली रेघ ज्या जोडीत आहे ते नाव, उरलेलं आडनाव. ओउयांग, सिमा किंवा कोरियन नामगुंग अशी दोन उच्चारांची आडनावं आहेत, पण ती थोडी. जपानी नावांना हा नियम लागू नाही. त्यांची आडनावं आणि नावं दोन्ही लांब असतात.

अवघड होतं ते दोन्ही शब्द एकेका उच्चाराचे असतात तेव्हा. असाच एक प्रसंग आमच्याकडे आला होता. एका चिनी कंपनीकडून `Chen Lin` या नावाने मेल आला. चेन हेही आडनाव असतं, लिन हेही असतं. सहीत मोठी अक्षरं नव्हती, स्वल्पविराम नव्हता. मेलचा पत्ता होता `lin.chen@`. मग मी त्याच मेलच्या सीसीत असलेल्या इतरांचे पत्ते पाहिले. त्यात एक होता `xiaomei.wang@`. शियाओमेई हे नाव आणि वांग हे आडनाव, यात शंकेला जागा नव्हती. म्हणजे ती कंपनी पत्त्यात नाव आधी आणि आडनाव नंतर ठेवते. त्या हिशेबाने `lin.chen`मध्ये लिन नाव, चेन आडनाव, आणि मेलवर दिसणारं `Chen Lin` हे मूळ चिनी क्रमातलं. मी `Dear Ms. Chen` लिहिलं. ती बाई आहे हे तिच्याच आधीच्या एका मेलमधून कळलं होतं. ते बरोबर निघालं.

सहीत चिनी लिपीतलं नाव असेल तर काम आणखी सोपं. त्या लिपीत आडनाव नेहमी आधीच असतं, जपानीतही आणि चिनीतही. ते वाचून दाखवायला जपानी शिकलेला माणूस लागेल, आणि पुण्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही.

एवढं करूनही कळलं नाही, किंवा बाई की पुरुष ते कळलं नाही तर?

पूर्ण नाव लिहा, जसं त्यांनी लिहिलंय अगदी तसंच: `Dear Chen Lin,`. क्रम बदलू नका, मधली रेघ काढू नका, दोन तुकडे असतील तर जोडू नका. थोडं औपचारिक वाटेल, पण यात कुणाचा अपमान नाही. चिनी लोकांत तर पूर्ण नावाने हाक मारणं रोजचंच आहे.

रोमन लिपीतल्या चिनी नावावरून बाई की पुरुष ते सांगता येत नाही. ‘वेई’ हा उच्चार अनेक वेगवेगळ्या अक्षरांचा असतो आणि तो पुरुषांच्याही नावात येतो, बायकांच्याही. अंदाजाने `Mr.` लिहिण्यापेक्षा पूर्ण नाव बरं. आणि पत्रव्यवहार लांबणार असेल तर सरळ विचारा. ‘तुमचं आडनाव कोणतं आणि आम्ही तुम्हाला काय म्हणून संबोधू?’ हे दुसऱ्या मेलच्या शेवटी एका ओळीत विचारलं तर कुणाला वावगं वाटत नाही. सहाव्या मेलला विचारणं मात्र अवघड जातं.

जपानी सहकाऱ्याला ‘सान’ लावायचं का? इंग्रजी मेलमध्ये ते विचित्र नाही का दिसत?

अजिबात नाही. `Dear Tanaka-san,` हा जपानी कंपन्यांशी होणाऱ्या इंग्रजी पत्रव्यवहारातला नेहमीचा मायना आहे. आडनाव, छोटी रेघ, सान. बाई-पुरुष दोघांनाही तेच चालतं, लग्न झालंय की नाही हा प्रश्न येत नाही, वयाने आणि हुद्द्याने लहानमोठ्या सगळ्यांना चालतं. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपण ‘कुलकर्णी साहेब’ म्हणतो, ‘जोशी मॅडम’ म्हणतो. नुसतं ‘कुलकर्णी’ म्हटलं की कानाला खटकतं, तसंच त्यांना नुसतं ‘तानाका’ खटकतं.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. `Mr. Tanaka-san` लिहिलं की मान दोनदा दिल्यासारखं होतं, ‘श्रीयुत तानाकाजी साहेब’ म्हटल्यासारखं. दोन्हींतलं एकच ठेवा. दुसरी चूक स्वतःला सान लावण्याची. त्यांनी आपल्याला `Kulkarni-san` लिहिलं म्हणून आपण सहीत `Kulkarni-san` लिहायचं नसतं, कारण सान दुसऱ्यानेच द्यायचा असतो. तिसरी म्हणजे `Hiroshi-san` कधी लिहायचं. त्यांनी स्वतः मेलखाली `Hiroshi` अशी सही केली तरच. अनेक वर्षांच्या ओळखीतही जपानी सहकारी एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. आडनावावर थांबलात म्हणून नात्यात दुरावा आला असं कुणी समजत नाही.

प्राध्यापक, डॉक्टर यांना सानऐवजी ‘सेन्सेई’ लावतात: `Tanaka-sensei`. विद्यापीठाशी लिहिताना हे पाळा.

आणि ते मेलखाली नुसतं `Tanaka` लिहितात, त्याने गोंधळून जाऊ नका. ती कोरडी सही नाही, तिथली साधी पद्धत आहे.

जपानी ज्युनियरने आपल्याच साहेबांना मेलमध्ये नुसतं ‘सातो’ लिहिलंय. मीही तसंच लिहू का?

नको. मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या घरातल्या, आपल्या कंपनीतल्या माणसाला मान लावत नाहीत. मग तो थेट संचालक का असेना. ‘सातो उद्या मीटिंगला येतील’ असं तो तुम्हाला लिहितो, कारण तुमच्यासमोर तो आपल्या माणसाला मोठेपणा देत नाही आणि त्यातून तुम्हाला मान देतो. तुम्ही बाहेरचे. तुमच्यासाठी सातो कायम `Sato-san`. त्याचं वाक्य जसंच्या तसं उचलून उत्तरात `Sato will join` लिहिलंत, तर तुम्ही त्याच्या साहेबांचा मान काढून घेतला, असं सीसीतले सगळे वाचतील.

आमच्या एका नव्या मुलाने नेमकं हेच केलं होतं. त्याचं म्हणणं होतं, ‘ताई, त्यांनीच असं लिहिलंय ना?’ कुणी तक्रार केली नाही. जपानी माणूस ती करतही नाही. पुढच्या मेलमध्ये त्या ज्युनियरने ‘सातो’ असंच लिहिलं आणि आम्ही `Sato-san` लिहायला लागलो, एवढंच.

कोरियन लोकांमध्ये मीटिंगला चार किम आहेत. कुणाला काय म्हणू?

दक्षिण कोरियात साधारण पाचातला एक माणूस किम असतो. किम, ली आणि पार्क ही तीन आडनावं मिळून ४० टक्क्यांहून जास्त लोक होतात. त्यामुळे एका कंपनीत नुसतं `Mr. Kim` कुणालाच नेमकं लागू पडत नाही. चौघांना जाणाऱ्या मेलमध्ये पूर्ण नाव लिहा: `Mr. Kim Min-su`. एकट्या माणसाला जाणाऱ्या मेलमध्ये `Dear Mr. Kim,` चालतं.

कोरियन कंपन्यांत खरा मान हुद्द्याने देतात. ‘किम बुजांग-निम’ म्हणजे विभागप्रमुख किम, आणि ‘निम’ म्हणजे आपल्या ‘जी’सारखं. इंग्रजीत हे `Manager Kim` किंवा `Director Kim` असं उतरतं. त्यांच्या मेलमध्ये असं दिसलं तर तुम्हीही तसंच लिहा. कोरियन भाषेत ‘शी’ नावाचा प्रत्यय आहे, तो सानसारखा वाटतो पण तसा नाही. नुसत्या आडनावाला तो लावला तर समोरच्याला खालच्या पायरीवर बसवल्यासारखं होतं. इंटरनेटवर वाचून `Kim-ssi` लिहायला जाऊ नका.

कोरियन नावात सर्वांत जास्त चूक होते ती नाव मधोमध तोडण्याची. `Min-su` हे एकच नाव आहे. ‘मिन’ हे नाव आणि ‘सु’ हे मधलं नाव, असं नसतं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, त्या सवयीने आपण `Dear Min` लिहितो. हे म्हणजे सदाशिवला ‘सदा’ नव्हे, ‘शिव’ म्हणणं झालं. कुणी `Min Su` असं सुटं लिहितं, कुणी `Minsu` असं जोडून. माणूस जे लिहील ते प्रमाण. फुटबॉल पाहणाऱ्यांना सोन ह्युंग-मिन माहीत असेल, त्याच्या जर्सीवर `SON` आहे, कारण सोन हे आडनाव. बान की-मून संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते तेव्हा ते `Mr. Ban` होते, ‘मिस्टर मून’ नव्हते.

चिनी सहकाऱ्याने `Kevin` म्हणून सही केली आहे. हे काय?

तसं असेल तर `Dear Kevin,` लिहा, विचारात पडू नका. बरेच चिनी सहकारी परदेशी लोकांशी बोलण्यासाठी एक इंग्रजी नाव घेतात. ते टोपणनाव नसतं, त्यांनी स्वतः निवडलेलं कामाचं नाव असतं. फक्त ते पासपोर्टवर नसण्याची शक्यता मोठी आहे. तिकीट किंवा व्हिसाच्या कागदावर ते लिहू नका.

हाँगकाँगच्या नावांत दोन्ही एकत्र येतात. अभिनेता टोनी लेउंग च्यू-वाय घ्या: टोनी इंग्रजी नाव, लेउंग आडनाव, च्यू-वाय चिनी नाव. आडनाव मधोमध आलं. असं तीन-चार शब्दांचं नाव दिसलं की इंग्रजी नावाच्या लगेच पुढचा शब्द आडनाव असण्याची शक्यता जास्त. एकच चिनी अक्षर ठिकाणागणिक वेगळं लिहिलं जातं, हेही लक्षात असू द्या. मुख्य भूमीवरचे `Chen` हाँगकाँगमध्ये `Chan` होतात आणि सिंगापूरमध्ये बरेचदा `Tan`. स्पेलिंग ‘दुरुस्त’ करायच्या फंदात पडू नका.

बास्केटबॉलपटू याओ मिंगला जगभर लोक ‘मिंग’ हे आडनाव समजून बोलत. त्याच्या जर्सीवर मात्र `YAO` होतं, आणि तेच आडनाव होतं.

व्हिएतनामी सहकाऱ्यालाही हेच लागू का?

नाही. क्रम आडनाव आधी असाच आहे, पण हाक शेवटच्या शब्दाने, म्हणजे स्वतःच्या नावाने मारतात. सेनापती व्हो न्गुयेन ज्याप यांना जग ‘जनरल ज्याप’ म्हणतं ते यामुळेच. `Nguyen` हे आडनाव इतकं पसरलेलं आहे की `Mr. Nguyen` म्हटलं तर कोण, ते कळणारच नाही.

निमंत्रणपत्रात आणि तिकिटावर नाव कसं लिहायचं?

इथे मायन्यातला अंदाज चालत नाही, पासपोर्टचं पान मागवा. बऱ्याच पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत असतं. तरीही शंका राहिली, तर पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांतली वरची पाहा:

```
P<JPNTANAKA<<HIROSHI<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

पहिली पाच अक्षरं पासपोर्टचा प्रकार आणि देश सांगतात. त्यांतलं दुसरं अक्षर देशागणिक बदलू शकतं. पुढे आडनाव, मग दोन `<<`, मग नाव. त्या दोन खुणांच्या आधी जे आहे ते आडनाव, पासपोर्ट जपानी असो, चिनी असो की कोरियन. तिकिटाच्या नोंदीत हेच `TANAKA/HIROSHI` असं येतं, तिरप्या रेघेआधी आडनाव.

आमच्याकडे एकदा एका चिनी इंजिनियरच्या निमंत्रणपत्रात मेलवरून नाव उचललं गेलं आणि क्रम उलटला. मेलवरचं नाव, पत्रातलं नाव आणि पासपोर्ट यांचा मेळ बसेना. पत्र नव्याने सही-शिक्क्यासह पाठवावं लागलं, आणि मशीन उघडायला येणारा माणूस चार दिवस उशिरा आला. तेव्हापासून मी पासपोर्टचं पान हातात आल्याशिवाय पत्र टाइप करायला घेत नाही.

जपानी बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहा. जपानी कायद्यानुसार नवराबायकोला एकच आडनाव घ्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा बायको ते बदलते. ऑफिसात मात्र अनेकजणी माहेरचंच आडनाव चालू ठेवतात. मेलवर `Sato` आणि पासपोर्टवर `Suzuki` ही एकच बाई असू शकते. मायन्यात सातो, व्हिसाच्या कागदावर सुझुकी. चिनी आणि कोरियन बायका लग्नानंतर सहसा आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आणि आपलं नाव त्यांना कसं कळणार?

हे कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव असतं ते आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा क्रमाने: `KULKARNI SNEHA PRAKASH`. त्यावरून पुढे कुठे मेलचं खातं उघडलं असेल तर तोच क्रम तिथे जातो. समोरच्या जपानी माणसाला वाटतं, भारतीय नावात आडनाव शेवटी असतं. तो बिचारा अभ्यास करून `Prakash-san` लिहितो आणि स्नेहाऐवजी तिच्या वडिलांना पत्र जातं. तीन शब्दांऐवजी दोनच ठेवा आणि आडनाव मोठ्या अक्षरांत लिहा: `Sneha KULKARNI`. त्यांना ही खूण ओळखीची आहे. आणि तुम्हाला नावाने हाक मारलेली आवडत असेल तर मेलखाली नुसतं `Sneha` अशी सही करा. मग ते `Sneha-san` लिहितील.

मी तीन महिने चुकीच्या नावाने लिहीत होते. आता काय करू?

पुढच्या मेलमध्ये बरोबर नाव लिहा आणि शेवटी एकच ओळ: आजवर तुमचं नाव चुकीचं लिहिलं गेलं, क्षमस्व. परिच्छेदभर माफी मागू नका, समोरच्याला त्यावर उत्तर देत बसावं लागतं. मग मेलच्या संपर्कयादीत जाऊन नाव आणि आडनावाचे रकाने दुरुस्त करा. नाहीतर पुढच्या वेळी प्रोग्राम जुनंच नाव पुढे करेल. आणि तुमच्या मेलवरून ज्यांनी ते नाव उचललं असेल, त्या स्टोअरच्या, खरेदीच्या आणि हिशेबाच्या माणसांनाही कळवा.